नाकापर्यंत पोचणारा धूर : फटाके, कॉइल आणि अगरबत्ती

हडपसरची हवा आज कशी आहे, याचे उत्तर आपल्याला एका आकड्यात मिळते. पुण्यातील भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने 'सफर' प्रकल्पात शहरभर हवा मोजणारी जी केंद्रे उभारली, त्यांतले एक हडपसरला आहे. हवेतल्या सूक्ष्म कणांची चोवीस तासांची सरासरी काढून निर्देशांक ठरतो आणि तो 'समाधानकारक' की 'खराब' हे आपण मोबाइलवर वाचतो. शहराचे धोरण ठरवायला हा आकडा लागतोच. पण काळेपडळमधल्या दहा बाय दहाच्या खोलीत रात्रभर कॉइल जळत असेल, तर त्या खोलीतली हवा या केंद्राला कळत नाही. सोसायटीच्या पार्किंगमध्ये उकिडवे बसून नागगोळी पेटवणाऱ्या मुलाच्या तोंडासमोर तीन मिनिटे कोणती हवा होती, हेही त्याला कळत नाही.

फटाके, डासांची कॉइल आणि अगरबत्ती या तिन्हींचा धूर आपण स्वतः पेटवतो आणि तो आपल्यापासून हातभर अंतरावर तयार होतो. या धुरावर झालेल्या संशोधनाचा काही भाग पुण्यातही झाला आहे. ते सगळे एकत्र वाचले की एक गोष्ट ठळक होते. एकूण किती धूर निघाला यापेक्षा तो नाकापासून किती अंतरावर निघाला आणि खोलीत किती वेळ कोंडून राहिला, यावर श्वासनलिकेचे हाल ठरतात.

धुरात असते काय

कोणताही पदार्थ पूर्ण जळाला तर मुख्यतः कार्बन डायऑक्साइड आणि वाफ उरते. धुमसत जळणाऱ्या वस्तूला पुरेसा प्राणवायू मिळत नाही, उष्णताही कमी असते. मग अर्धवट जळालेले पदार्थ हवेत जातात आणि थंड होताना त्यांचे बारीक थेंब व कण बनतात. डोळ्यांना दिसतो तो हाच धूर. त्यातले बहुतेक कण अडीच मायक्रॉनपेक्षा लहान असतात. त्यांना 'पीएम 2.5' म्हणतात. नाकातले केस आणि घशातला ओलावा मोठी धूळ अडवतात, पण हे कण थेट फुप्फुसाच्या शेवटच्या वायुकोशांपर्यंत जातात.

कणांबरोबर वायूही असतात. लाकडाचा भुसा, डिंक, सुगंधी तेले जळली की फॉर्माल्डिहाइड आणि ॲक्रोलीन हे झोंबणारे वायू निघतात, थोडे बेंझिन निघते आणि कार्बन मोनॉक्साइड निघतो. कॉइल आणि अगरबत्तीची जात ही. फटाक्यात आणखी दोन गोष्टींची भर पडते. दारूतले गंधक जळून सल्फर डायऑक्साइड होतो, आणि रंग व चमक यांसाठी घातलेले ॲल्युमिनियम, बेरियम, स्ट्रॉन्शियम यांसारखे धातू कणांच्या रूपात हवेत येतात.

फटाके : आवाज नसलेलेच जास्त धुराचे

पुण्यातील चेस्ट रिसर्च फाउंडेशन आणि सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातील आरोग्यविज्ञानाचे विद्यार्थी यांनी सहा लोकप्रिय फटाके पेटवून त्यांचा धूर मोजला. मोजणीचे यंत्र गच्चीवर ठेवले नव्हते. मुले आणि मोठी माणसे ज्या अंतरावर उभी राहून फटाका पेटवतात, त्या अंतरावर ते ठेवले होते. हा अभ्यास 2019 मध्ये 'लंग इंडिया' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

पीएम 2.5 ची सर्वोच्च पातळी नागगोळीची निघाली : एका घनमीटर हवेत 64,500 मायक्रोग्रॅम. हजारांच्या माळेची 38,540, पुलपुलची 28,950, फुलबाजीची 10,390, भुईचक्राची 9,490 आणि भुईनळ्याची 4,860. भारतातील चोवीस तासांच्या सरासरीची मर्यादा 60 आहे, तर जागतिक आरोग्य संघटनेने 2021 मध्ये ती 15 सुचवली आहे.

या यादीतला क्रम पालकांच्या समजुतीला छेद देतो. लहान मुलाच्या हाती आपण सुतळी बॉम्ब देत नाही. नागगोळी, फुलबाजी, पुलपुल देतो, कारण ते फुटत नाहीत आणि त्यांचा आवाज होत नाही. भाजण्याच्या आणि कानांच्या दृष्टीने ही निवड ठीक आहे, श्वासाच्या दृष्टीने उलटी आहे. नागगोळीत डांबरासारखा सेंद्रिय पदार्थ खूप आणि त्याला जाळणारे ऑक्सिडीकारक द्रव्य थोडे असते, म्हणून ती पेटण्याऐवजी फुगत आणि धुमसत जाते. काळा साप वर येतो तो अर्धवट जळालेला कार्बन. गोळी काही सेकंदांत जळून जाते, धूर मात्र सुमारे तीन मिनिटे येत राहतो. ती जमिनीवर ठेवून वाकून पाहायची असल्यामुळे मुलाचे तोंड नेमके धुराच्या वाटेत येते.

चोवीस तासांच्या मर्यादेशी या तीन मिनिटांची तुलना कशी करायची, असा प्रश्न रास्त आहे. गणित करून पाहता येते. शिखराची पातळी तीन मिनिटे तशीच टिकत नाही, म्हणून सरासरी निम्मी, 32,250 धरू. दिवसाची 1,440 मिनिटे आहेत. या तीन मिनिटांचा वाटा पूर्ण दिवसावर पसरला तर तो सुमारे 67 मायक्रोग्रॅम भरतो. उरलेला संपूर्ण दिवस त्या मुलाने अगदी शुद्ध हवा घेतली, तरी एका गोळीने दिवसाची मर्यादा ओलांडली. वाऱ्याची दिशा बदलली किंवा मूल दोन मीटर मागे सरकले तर हा आकडा झपाट्याने उतरतो. अंतर हाच इथे सर्वांत स्वस्त उपाय आहे.

सर्वोच्च न्यायालयाने 2018 च्या निकालात जोडलेल्या माळांवर आणि बेरियमच्या क्षारांवर बंदी घातली व फक्त कमी प्रदूषण करणाऱ्या 'हरित' फटाक्यांना परवानगी दिली. हे फटाके नागपूरच्या 'नीरी' संस्थेच्या पुढाकाराने विकसित झाले आणि त्यांचा कणांचा उत्सर्ग सुमारे तीस टक्क्यांनी कमी असतो. शहराच्या एकूण हवेसाठी ही घट मोलाची आहे. पण 10,390 तून तीस टक्के वजा केले तरी 7,270 उरतात. हातात धरलेली हरित फुलबाजी दमेकऱ्यासाठी निर्धोक होत नाही.

दिवाळीचा काळही धुराला अनुकूल असतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या संध्याकाळी जमीन लवकर निवते, तिच्यालगतची हवा थंड व जड होते आणि वर उबदार थर झाकणासारखा बसतो. वारा पडलेला असला की धूर इमारतींच्या मधल्या चौकातच राहतो. म्हणून फटाके रात्री दहाला थांबले तरी पहाटेपर्यंत घसा खवखवतो.

कॉइल : डास धुराने मरत नाहीत

हडपसर-मुंढवा पट्ट्यात कॉइल ही बारमाही वस्तू आहे. एका बाजूला मुळा-मुठा, मधून जाणारा कालवा आणि नदीवर पसरणारी जलपर्णी. फेब्रुवारी 2024 मध्ये केशवनगर-खराडी भागात नदीवर कीटकांचे उंच भोवरे उठलेली दृश्ये देशभर पाहिली गेली. तिथल्या माणसाला 'कॉइल लावू नका' एवढेच सांगणे त्याची अडचण न समजून घेण्यासारखे आहे. म्हणून कॉइल काम कशी करते हे आधी पाहावे.

कॉइलचा जवळजवळ सगळा भाग म्हणजे लाकडाचा भुसा, नारळाच्या करवंटीची पूड, स्टार्च आणि हिरवा रंग. कीटकनाशक, म्हणजे ॲलेथ्रिन किंवा ट्रान्सफ्लुथ्रिनसारखे पायरेथ्रॉइड, एक टक्क्याहूनही कमी असते. कॉइलचे लाल टोक पुढे सरकते तसा त्याच्या लगतचा न जळलेला भाग तापतो आणि त्यातले कीटकनाशक वाफ होऊन निसटते. डासाला गुंगवते किंवा पळवते ती ही वाफ. भुसा फक्त संथपणे उष्णता पुरवण्यासाठी असतो आणि धूर हे त्या भुशाचे उपउत्पादन आहे. धूर दाट म्हणजे कॉइल जोरदार, हा समज म्हणून चुकीचा आहे. तेच कीटकनाशक विजेच्या उष्णतेने उडवणाऱ्या लिक्विडमध्ये धूर नसतोच, तरी ते काम करते.

चीन आणि मलेशियातील कॉइलवर 2003 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एका कॉइलमधून 75 ते 137 सिगारेटी जळाल्यावर निघतील इतके पीएम 2.5 आणि सुमारे 51 सिगारेटींइतके फॉर्माल्डिहाइड निघू शकते, असे आढळले. 'एक कॉइल म्हणजे शंभर सिगारेटी' हे वाक्य इथून पसरले. त्याचा अर्थ नीट घ्यायला हवा. ही तुलना हवेत सुटलेल्या धुराच्या वजनाची आहे. सिगारेट ओढणारा धूर थेट छातीत घेतो, कॉइलचा धूर खोलीत पसरतो आणि त्याचा काही अंशच श्वासात जातो. रात्रभर कॉइल लावणारा शंभर सिगारेटी ओढतो असे म्हणणे चूक आहे. पण सात-आठ तास, दार-खिडकी बंद, डोक्यापासून चार फुटांवर, वर्षाचे कित्येक महिने, हा हिशेबही लहान नाही.

चेस्ट रिसर्च फाउंडेशनने पुणे जिल्ह्यातील ग्रामीण घरांमध्ये कॉइल पेटवून मोजणी केली, तिचे निष्कर्ष 2016 मध्ये 'चेस्ट' या नियतकालिकात आले. बंद खोलीत पीएम 2.5 ची पातळी हजार मायक्रोग्रॅमच्या वर गेली. त्यातला दुसरा निष्कर्ष ग्राहकांच्या जास्त उपयोगाचा आहे : कमी धुराच्या म्हणून विकल्या जाणाऱ्या कॉइलमधून कण कमी निघाले, पण कार्बन मोनॉक्साइड जास्त निघाला. धूर दिसत नाही म्हणून खिडकी बंद करणाऱ्याने हे लक्षात ठेवावे. या वायूला रंग नाही, वास नाही. सकाळी डोके जड होणे ही त्याची एक खूण असू शकते.

डेंग्यूच्या भीतीने रात्रभर कॉइल लावणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. डेंग्यू पसरवणारा एडिस डास दिवसा चावतो, विशेषतः सकाळी आणि सूर्यास्तापूर्वी, आणि तो घरातल्या स्वच्छ साठलेल्या पाण्यात वाढतो. रात्री कानाशी गुणगुणणारा बहुधा क्युलेक्स असतो. तो घाण पाण्यातला. रात्रीच्या कॉइलने डेंग्यूपासून फारसे संरक्षण मिळत नाही.

अगरबत्ती : एका काडीचे गणित

अगरबत्तीत बांबूची काडी, कोळशाची किंवा लाकडाची पूड, चिकटपणासाठी जिगट आणि सुगंधी द्रव्ये असतात. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेतील संशोधकांनी 2002 मध्ये तेवीस प्रकारच्या धूप-उदबत्त्या तपासल्या. एक ग्रॅम जळताना 5 पासून 56 मिलिग्रॅमपर्यंत पीएम 2.5 निघाले. एका काडीत आणि दुसरीत दहापटींहून जास्त फरक पडू शकतो, आणि वेष्टनावर त्याची नोंद नसते. 'नैसर्गिक', 'गोमय', 'सेंद्रिय' हे शब्द घटक कुठून आले ते सांगतात, धूर किती होईल ते सांगत नाहीत.

आता एक खोली घेऊ. दहा बाय दहा फूट, उंची नऊ फूट, म्हणजे सुमारे 25 घनमीटर. एक ग्रॅमची काडी पाऊण तास जळते आणि 45 मिलिग्रॅम कण सोडते असे धरू. दार-खिडकी बंद असली तरी फटींतून हवा थोडी बदलते, साधारण तासाला एकदा. अशा खोलीत काडी विझेपर्यंत पातळी 1,250 मायक्रोग्रॅमच्या आसपास पोचते. विझल्यावरही धूर जात नाही. तासाने त्यातला एक तृतीयांशाहून जास्त शिल्लक असतो, आणि 60 पर्यंत उतरायला आणखी दोन तास लागतात. वास विरला म्हणजे धूर गेला, असे नसते.

तीच काडी, तीच खोली, पण समोरासमोरची खिडकी आणि दार सताड उघडे. हवा तासाला दहा वेळा बदलली तर पातळी 240 च्या आसपास थांबते आणि काडी विझल्यावर आठ-नऊ मिनिटांत बाहेरून आलेली भर सोडून 60 च्या खाली येते. शिखर पाचपट कमी आणि त्यानंतरची वाट तीन तासांऐवजी काही मिनिटांची. छताचा पंखा यात कामाचा नाही, तो धूर खोलीत सारखा पसरवतो, बाहेर काढत नाही. एक्झॉस्ट पंखा किंवा समोरासमोरच्या वाटाच तो काढतात.

दीर्घकाळच्या परिणामांबद्दल सिंगापूरमधील 61 हजारांहून अधिक चिनी वंशाच्या लोकांचा पाठपुरावा महत्त्वाचा आहे. वर्षानुवर्षे घरात सतत उदबत्ती जाळणाऱ्यांत श्वसनमार्गाच्या काही प्रकारच्या कर्करोगांचे प्रमाण वाढलेले दिसले. तिथे दिवसरात्र उदबत्ती तेवत ठेवण्याची पद्धत आहे. देवापुढे सकाळी एक काडी लावणाऱ्याला तो निष्कर्ष जसाच्या तसा लावू नये.

श्वासनलिकेत काय घडते

धूर आत गेल्यावर दोन वेगळ्या घटना वेगळ्या वेळी घडतात, आणि त्या वेगळ्या ओळखल्या तर उपायही नीट कळतात.

पहिली काही सेकंदांची. श्वासनलिकेच्या अस्तरात वेदनेसारखी जाणीव देणारे चेतातंतू असतात. ॲक्रोलीन, फॉर्माल्डिहाइड यांनी ते पेटतात, मेंदूकडे संदेश जातो आणि खोकला येतो, नाक-डोळे वाहतात, नलिकेभोवतीचे स्नायू आवळतात. फटाक्याचा सल्फर डायऑक्साइड पाण्यात चटकन विरघळतो, म्हणून नाक-घशाच्या ओलाव्यातच त्याचे आम्ल बनते. निरोगी माणसाला त्याने ठसका लागतो. दमेकऱ्याच्या नलिका मात्र काही मिनिटांतच आकुंचन पावू लागतात. धावताना, ओरडताना आपण तोंडाने श्वास घेतो, नाकाची गाळणी बाजूला पडते आणि हा वायू खोल जातो.

दुसरी घटना काही तासांनंतरची. सूक्ष्म कण खोलवर बसतात, तिथल्या संरक्षक पेशी त्यांना गिळतात आणि दाहाचे रासायनिक संदेश सोडतात. अस्तर सुजते, कफ वाढतो. फटाके वाजवताना ठीक असलेले मूल रात्री दोनला खोकत उठते ते यामुळे. या सुजेनंतर नलिका काही दिवस जास्तच चिडखोर राहतात. मग थंड हवा, फोडणीचा ठसका, पळणे यांनीही धाप लागते, आणि पालकांना वाटते की हे नवे दुखणे आले.

बोलताना आपण याला 'धुराची ॲलर्जी' म्हणतो. बहुतेक वेळा ती ॲलर्जी नसते, सरळ दाह असतो, आणि पुरेशी मात्रा मिळाली तर तो कोणालाही होतो. म्हणून सर्दीची ॲलर्जीविरोधी गोळी यात फारशी कामाला येत नाही. आवळलेली नलिका उघडायला डॉक्टरांनी दिलेला तातडीचा पंप लागतो आणि सूज आवरायला रोजचा स्टिरॉइड पंप. रोजचा पंप दिवाळीच्या आदल्या दिवशी सुरू करून उपयोग नाही, त्याचा परिणाम दिसायला दिवस-आठवडे लागतात. ओला रुमाल सूक्ष्म कण अडवत नाही. एन-95 मास्क कण अडवतो, पण सल्फर डायऑक्साइड नाही.

घरच्या घरी कसे ओळखावे

धूर बाधतो आहे का, याचे उत्तर पीक फ्लो मीटर या साध्या नळीने मिळते. पूर्ण श्वास घेऊन जोरात फुंकायचे. मिनिटाला किती लिटर वेगाने हवा सुटली ते काटा दाखवतो. तीनदा फुंकून सर्वांत मोठा आकडा लिहायचा.

समजा, एका दमेकरी मुलाचा बरे असतानाचा सर्वोत्तम आकडा 250 आहे. त्याच्या 80 टक्के म्हणजे 200, निम्मा म्हणजे 125. एक आठवडा कॉइल नेहमीसारखी लावून सकाळ-संध्याकाळ नोंद केली आणि सकाळचे आकडे 185, 190, 180 असे आले. पुढचा आठवडा कॉइल बंद, मच्छरदाणी सुरू, औषधे तीच, आणि सकाळचे आकडे 215, 225, 230 झाले. तर कॉइलवर संशय घ्यायला आधार मिळाला. एका घराच्या दोन आठवड्यांनी सिद्ध काही होत नाही, कारण मधे सर्दी किंवा हवामानातला बदलही असू शकतो. पण पुन्हा कॉइल लावल्यावर आकडे पुन्हा उतरले, तर संशय बळावतो. आकडा 200 च्या खाली गेला तर डॉक्टरांनी लिहून दिलेली पुढची पायरी घ्यायची. 125 च्या खाली गेला, किंवा मूल एक वाक्य सलग बोलू शकत नाही, फासळ्यांमधली जागा आत ओढली जाते, ओठ निळसर दिसतात, तर 108 ला फोन करून रुग्णालय गाठायचे. वाफ आणि हळद-दूध नलिका उघडत नाहीत.

मग क्रम काय लावायचा

दिवाळीचा धूर तीव्र पण चार दिवसांचा आहे, अगरबत्तीचा काही तासांचा, कॉइलचा रोजचा आणि झोपेतला. ज्या घरात दमा, सीओपीडी किंवा तान्हे मूल आहे, त्या घराने कॉइलपासून सुरुवात करावी : खिडक्यांना जाळी आणि अंथरुणाला मच्छरदाणी. तेवढ्याने भागत नसेल तर लिक्विड, तेही हवा खेळती ठेवून, कारण त्याची वाफही काहींना झोंबते. झटपट डास मारणारे जळते कार्ड आणि डासांची अगरबत्ती हे कॉइलला पर्याय नाहीत, त्यांनाही धूर असतोच. शिवाय कीटकनाशकाची सरकारी नोंदणी वेष्टनावर नसेल, तर आत कोणते रसायन आहे ते कळायला मार्ग नाही. कडुनिंबाच्या पाल्याची धुरीसुद्धा धूरच आहे. त्यानंतर अगरबत्ती : एक काडी, उघडी खिडकी, श्वासाचा त्रास असलेले माणूस दुसऱ्या खोलीत. फटाक्यांत सर्वांत आधी वगळायची ती नागगोळी. फुलबाजी लावायचीच असेल तर मोकळ्या मैदानात, वाऱ्याकडे पाठ न करता, वारा बाजूने वाहील असे उभे राहून. वाऱ्याकडे पाठ केली की अंगाच्या आडोशाला धूर फिरून तोंडावर येतो.

यातले बरेचसे घरात करता येते, पण सगळे नाही. दहा बाय दहाच्या खोलीला एकच खिडकी असते आणि ती नाल्याकडे उघडत असेल, तर 'खिडकी उघडी ठेवा' हा सल्ला म्हणजे डासांना आमंत्रण. तिथे कॉइलचा धूर कमी करण्याचे काम नदीकाठी सुरू होते. जलपर्णी हिवाळा सरताना क्युलेक्सची पैदास वाढण्यापूर्वी निघायला हवी, सांडपाणी नदीत सुटता कामा नये आणि साचलेल्या पाण्यावर अळीनाशक वेळेवर पडायला हवे. हे काम महापालिकेचे आहे, आणि ते होईल तेव्हाच हडपसरच्या लहान घरांना रात्री डास आणि धूर यांपैकी एकाची निवड करावी लागणार नाही.